एकाच फोटोच्या अनेक प्रतींतून मूळच्या जवळची कशी ओळखाल?

फिरून आलेल्या फोटोच्या चार-पाच प्रती हाती असल्या की बहुतेकजण सर्वांत मोठी फाइल उचलतात. तिथेच चूक होते.

१. आधी चारही कडा जुळवा. एकीत डावीकडचा खांब पूर्ण, दुसरीत अर्धा, तर अर्ध्या खांबाची प्रत क्रमात खाली. कापलेला भाग परत येत नाही, म्हणून ही चाळणी पहिली.

२. उरलेल्यांत फोटोतल्या एखाद्या पाटीवरची अक्षरे १०० टक्के आकारात पाहा. अक्षरांभोवती चौकोनी ठिपके जास्त, ती प्रत खाली. २४००×१६०० ची प्रत धूसर आणि १२००×८०० ची रेखीव असेल, तर मोठी बहुधा ताणलेली. रेखीव वर ठेवा.

एक प्रत डावीकडून, दुसरी उजवीकडून कापलेली असेल तर दोन्ही तिसऱ्याच मोठ्या प्रतीतून निघाल्या आहेत. शोध चालू ठेवा.

सावधान: वर-खाली जोडलेली धूसर पट्टी जास्तीचा फोटो समजू नका.