भाड्याच्या घरातलं पहिलं वीजबिल कसं वाचावं?

किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी मीटरपाशी जा. इमारतीत बरेच मीटर एकाच ठिकाणी असतात. आपल्या मीटरवरचा क्रमांक घरमालकाकडच्या जुन्या बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. घरातला मेन स्विच बंद केल्यावर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला, तर मीटर तुमचाच. स्क्रीनवर आकडे आळीपाळीने बदलतात. त्यातला kWh लिहिलेला आकडा म्हणजे रीडिंग. तारखेसह त्याचा फोटो काढून मालकाला पाठवा.

आता महावितरणचं बिल घ्या. ‘चालू रीडिंग’मधून ‘मागील रीडिंग’ वजा केलं की वापरलेले युनिट मिळतात. समजा 4,567 वजा 4,312, म्हणजे 255 युनिट.

घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. इथे बहुतेकांची एक चूक होते. 100 च्या पुढे गेलं की सगळ्याच युनिटना चढा दर लागतो, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात चढा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. खरे दर बिलावर पाहा. हिशेबाच्या सोयीसाठी, वीज घरापर्यंत आणण्याचा दर युनिटमागचा वहन आकार धरून, पहिला दर 5 आणि दुसरा 10 रुपये मानू. पहिल्या 100 युनिटचे 500 आणि उरलेल्या 155 चे 1,550 मिळून 2,050 रुपये होतात.

यात स्थिर आकार मिळवा, 130 रुपये धरू. महिनाभर घराला कुलूप असलं तरी तो भरावाच लागतो. झाले 2,180. त्यावर 16 टक्के वीज शुल्क 348.80, म्हणून एकूण 2,528.80. इंधनाच्या बदलत्या खर्चापोटी लागणारा इंधन समायोजन आकार असेल तर तो शुल्काआधी मिळवायचा.

तुम्ही महिन्याच्या मध्येच राहायला आलात आणि फोटोत 4,402 असेल, तर तुमचे युनिट 165. बिलाची वाटणी युनिटच्या प्रमाणात केली, तर तुमचा वाटा सुमारे 1,636 रुपये येतो. बाकीचे मालकाचे. ‘थकबाकी’ या ओळीत आधीची रक्कम दिसली, तर तीही त्यांच्याकडेच जाते, म्हणून ही ओळ पैसे भरण्याआधी वाचा.

रीडिंग घ्यायला माणूस आला आणि मीटर कुलूपबंद खोलीत असला, तर सरासरी युनिटचं बिल येतं. अशा वेळी चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा असतो. पुढच्या खऱ्या रीडिंगला दोन महिन्यांचे युनिट एकदम दिसतात, समजा 600. तेव्हा टप्पेही दुप्पट धरलेले हवेत: पहिल्या दराने 100 नव्हे, 200 युनिट, आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा. तसं दिसलं नाही, तर मीटरचा ताजा फोटो आणि दोन्ही बिलं घेऊन उपविभागीय कार्यालयात बिल दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.