आखाजीपूर्वी पोळपाट-लाटणे साफ करण्याची तयारी

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्याकडच्या आखाजीला, पुरणपोळ्या करायच्या असतील तर लाकडी पोळपाट-लाटणे किमान दोन दिवस आधी साफ करायला घ्यावे, कारण घासण्याचे काम तासाभरात उरकले तरी ओले लाकूड आतपर्यंत सुकायला पूर्ण दिवस लागतो. त्या दिवसाच्या पोळ्यांसाठी शेजारचा पोळपाट किंवा ओट्याचा स्वच्छ दगड आधीच ठरवून ठेवावा, नाहीतर रात्री ओलसर पोळपाटावरच कणीक येते.

पाणी लावण्याआधी मळ ओळखून घ्यावा. काठाशी नखाने खरवडल्यावर पांढरट भुकटी पडली तर ते वाळलेले पीठ आहे. नखात मेणासारखी पिवळसर, चिकट गोळी जमली तर ते जुने तेल आहे. तळणाच्या वाफेतून आणि हातांतून लागलेले सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचे तेल हवेशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते आणि मग नुसत्या साबणाला दाद देत नाही. दोन्ही मळांचे उपाय वेगळे असल्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे: आधी पीठ, तेही कोरडेच, आणि मग तेल.

हाताशी ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत. गुळगुळीत कडेचा करवंटीचा तुकडा खरवडायला उत्तम, कारण तो पिठाला भारी पडतो पण सुरीसारखा लाकडात रुतत नाही. खाचांसाठी खराट्याची एक हिर, घासायला काथ्या, पुसायला दोन-तीन सुती फडकी, खाण्याचा सोडा, अर्धे लिंबू आणि कोमट पाणी एवढे पुरे. लोखंडी तारेची घासणी मात्र दूर ठेवावी. तिचे बारीक कण लाकडात अडकून पुढे काळे डाग उमटतात. धुण्याचा सोडाही नको, तो सागवान किंवा शिसवीला काळपट करतो.

तीन पायांचा, रोजच्या वापरातला सागवानी पोळपाट घेतला तर पीठ बहुधा काठालगत कडे करून बसलेले असते आणि चिकटा खालच्या बाजूला, पायांच्या सांध्यांभोवती असतो, कारण तिकडे फडके क्वचितच फिरते. करवंटी तिरपी धरून रेषांच्या दिशेने पिठाचे कडे उडवावे आणि भुकटी झटकून टाकावी. जे सुटणार नाही त्यावर कोमट पाण्यात पिळलेले फडके पाच-सात मिनिटे ठेवले की ते फुगून मऊ पडते. उकळते पाणी ओतण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने पिठाची खळ होऊन ती लाकडाच्या रंध्रांत आणखी घट्ट बसते.

मग दोन मोठे चमचे सोड्यात थोडेसेच पाणी घालून दाटसर लेप करावा, चिकट जागी पसरून दहा मिनिटे ठेवावा आणि ओलसर काथ्याने रेषांच्याच दिशेने घासावा. लेप तपकिरी झाला म्हणजे तेल सुटू लागले. तो पुसून नवा लावावा. सोड्यावर लगेच लिंबू पिळून येणारा फेस दिसायला छान असला तरी त्यात दोघांचाही जोर संपतो, म्हणून लिंबू सोडा पूर्ण पुसल्यावरच, आंबूस वास किंवा काळपटपणा राहिला असेल तेथे फिरवावे. लाटण्याची मूठ आणि पोट यांमधली खाच हिरीने कोरावी. मूठ फिरती असेल तर ते पाण्यात कधीही बुडवू नये, कारण आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. रंगीत लाखेच्या लाटण्याला हा लेप लावू नये, रंग उतरतो.

सफाई पुरली की नाही हे पाण्याचा थेंब सांगतो. तो गोल मणी होऊन वर बसला तर तेल अजून आहे. पसरून लाकूड गडद करू लागला तर थांबावे. लगेच ओल्या व मग कोरड्या फडक्याने पुसून पोळपाट कडेवर उभा, सावलीत आणि वाऱ्यात ठेवावा. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात गच्चीवर ठेवला तर वरची बाजू आधी आक्रसते आणि फळी वाकते किंवा तडकते. पावसाळ्यात हेच काम केल्यास दुसरा दिवसही राखून ठेवावा.

सुकल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागला तर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून भुकटी पुसून घ्यावी, कारण पुरणपोळीची सैल कणीक अशाच जागी चिकटते आणि पोळी फाटते. त्यावर स्वयंपाकाचे नेहमीचे तेल चोळू नये, महिन्या-दोन महिन्यांत तोच चिकटा परत येतो. लाकूड फार रुक्ष वाटल्यास खोबरेल तेलाचे चार थेंब चोळून जास्तीचे पुसून टाकावेत. फळीत आरपार चीर असून तिच्यात काळी बुरशी दिसत असेल तर घासण्यात वेळ न घालवता भांडी बाजारातून नवा पोळपाट आणावा, आणि घेताना तो दुकानातल्या सपाट जागेवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे.