मांजराचं डीकेए: शुगर उतरली तरी इन्सुलिन का थांबवायचं नाही

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना डीकेएची, म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसची केस पहिल्यांदा मिळते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष ग्लुकोमीटरवर असतं. दर दोन तासांनी कानाला टोचायचं, आकडा लिहायचा, उतरला की हुश्श करायचं. पण मांजर आजारी पडतं ते कीटोनमुळे आणि उपचार चालू असताना दगावण्याची भीती असते ती पोटॅशियममुळे. म्हणून तिन्ही आकडे एकत्र वाचायचे.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा बंड्या घ्या. खच्ची केलेला बोका, वजन 4 किलो. महिनाभर भसाभसा पाणी पीत होता, मग खाणं सुटलं आणि मागचे पाय टाचा टेकवून चालायला लागला. आला तेव्हा शुगर 438, रक्तातलं कीटोन मीटरवर 5.6, पीएच 7.14, पोटॅशियम 3.9.

लघवीच्या पट्टीवर कीटोन फिकट जांभळं होतं, म्हणजे फारसं काही नाही असं वाटावं. पण पट्टीला दिसतो तो अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. डीकेएमध्ये जास्त असतो तो बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि तो फक्त रक्ताचं मीटर मोजतं. उपचार लागू पडला की दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होतं. मग मांजर सुधारत असताना पट्टी उलट गडद होते आणि नवखा डॉक्टर घाबरतो. पट्टीवर निदानाची शंका घ्यावी, प्रगती मोजू नये.

आधी सलाईन, इन्सुलिन नंतर. बंड्या साधारण 8 टक्के डिहायड्रेटेड होता, म्हणजे 320 मिलीची तूट. रोजची गरज 200 मिली धरली. एकूण 520 मिली 24 तासांत, म्हणजे ताशी 22 मिली रिंगर लॅक्टेट. आता पोटॅशियम 3.9 पाहून इंटर्न म्हणाली, "मॅडम, हे तर नॉर्मल आहे, केसीएल कशाला?" नॉर्मल ते रक्तात. इन्सुलिन नाही आणि अ‍ॅसिडोसिस आहे, म्हणून पेशीतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि लघवीवाटे वाहून जातं. शरीरातला साठा रिकामाच असतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलेलं पेशीत शिरतं आणि आकडा कोसळतो. म्हणून 500 मिलीच्या बाटलीत केसीएलची अर्धी अँप्यूल (15 टक्क्यांची, 10 मिलीत 20 मिलिइक्विव्हॅलंट) घातली. घातल्यावर बाटली नीट उलटसुलट करा. केसीएल जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिलीतच सगळं जातं.

चार तासांनी नुसत्या सलाईनवर शुगर 370 वर आली. पोटॅशियम 3.5 च्या वर आहे हे पाहूनच इन्सुलिन लावलं: किलोला 1.1 युनिट, म्हणजे 4.4 युनिट रेग्युलर, 250 मिली नॉर्मल सलाईनमध्ये, वेगळ्या लाइनने ताशी 10 मिली. लावण्याआधी 50 मिली नळीतून वाहू द्यायचे, कारण इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं. शुगर ताशी 50 ते 75 ने उतरली तर ठीक. त्याहून वेगाने उतरली तर इन्सुलिन कमी करा.

सहा तासांनी पोटॅशियम 2.9. केसीएल दुप्पट केलं, बाटलीला पूर्ण अँप्यूल. ताशी किलोला 0.5 मिलिइक्विव्हॅलंट ही मर्यादा ओलांडायची नसते. इथे हिशेब 0.22 येत होता. आकडा 3 च्या वर येईपर्यंत इन्सुलिनही हळू ठेवलं. असा रिपोर्ट रात्री दोनला कुठल्या लॅबमध्ये मिळेल, हे केस घेतानाच विचारून ठेवा. इन्सुलिन लावून मग लॅब शोधू नका.

रात्री उशिरा शुगर 228 झाली. "बंद करू का?" कीटोन अजून 3.4 होतं. इन्सुलिन थांबलं तर चरबीचं विघटन पुन्हा सुरू होऊन कीटोन परत चढतात. म्हणून इन्सुलिन ताशी 7 मिलीवर आणलं आणि मुख्य लाइनला 2.5 टक्के डेक्स्ट्रोज जोडलं. 500 मिलीच्या नव्या बाटलीतून 50 मिली काढून टाकायचे, तेवढंच 25 टक्के डेक्स्ट्रोज घालायचं, केसीएल त्यानंतर. साखर द्यायची ती इन्सुलिन चालू ठेवता यावं म्हणून.

फॉस्फरसकडेही एकदा बघा. 1.5 च्या खाली गेलं की मांजराच्या लाल पेशी फुटू शकतात. दुसऱ्या दिवशी पीसीव्ही एकदम उतरला आणि सीरम गुलाबी दिसलं तर तिकडे शंका घ्या.

दुसऱ्या संध्याकाळी कीटोन 0.8 आणि बंड्याने उकडलेलं चिकन खाल्लं, तेव्हा ड्रिप काढून ग्लार्जिन 1 युनिट, दिवसातून दोनदा सुरू केलं. इथे सिरिंज सांभाळा. आपल्याकडची रेग्युलरची व्हायल बहुतेक 40 युनिटची, तिला लाल टोपणाची सिरिंज. ग्लार्जिन 100 युनिटचं, त्याला केशरी. लाल सिरिंजने ग्लार्जिनचं "1 युनिट" काढलं तर अंगात अडीच युनिट जातात. काकूंना घरी पाठवताना केशरी सिरिंजचंच पाकीट द्या आणि समोर एकदा भरून दाखवायला सांगा.