डीफ्रॉस्ट झाला की फ्रिज ब्रेकर पाडतो: सर्व्हिस सेंटरला पत्र लिहायच्या आधी काय काय नोंदवून ठेवायचं

फोनवर नुसतं "फ्रिज ट्रिप मारतोय" सांगितलं की काय होतं ते मी अनुभवलंय. शनिवारी दुपारी टेक्निशियन आले, प्लग लावला, वीस मिनिटं फ्रिज मस्त चालला, "मॅडम फ्रिज ओके आहे, घरातलं वायरिंग बघून घ्या" म्हणाले आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेले. त्यांची चूक म्हणावी तर तीही पूर्ण नाही, कारण हा फॉल्ट दिवसातून दोनदाच येतो आणि तेही ठराविक पंधरा मिनिटांत. ती पंधरा मिनिटं कागदावर आणून दिली तरच समोरच्याला पकडता येतो. घरात आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, त्यामुळे "बघू पुढच्या आठवड्यात" हे मला चालणारच नव्हतं. म्हणून आठवडाभर वही घेऊन बसले आणि मग पत्र लिहिलं. ज्यांना असाच त्रास आहे त्यांच्यासाठी तयारी कशी करायची ते सगळं सांगते.

सगळ्यात आधी बोर्डासमोर उभं राहून नेमका कुठला खटका पडतो ते बघा, कारण पत्रातलं पहिलं वाक्य त्यावर ठरतं. एमसीबी म्हणजे साधा छोटा खटका, तो जास्त करंट ओढला किंवा शॉर्ट झालं की पडतो. ज्याच्यावर छोटं टेस्ट बटण असतं तो आरसीसीबी, तो करंट बाहेर कुठेतरी, बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, गळायला लागला की पडतो. आमच्याकडे आरसीसीबीच पडत होता, त्यावर 30 mA लिहिलंय, म्हणजे तेवढ्या मिलिअँपिअरची गळती झाली की तो पडतो. म्हणजे फ्रिज जास्त करंट खात नव्हता, कुठूनतरी लीकेज होतं. हे दोन्ही वेगळे आजार आहेत आणि पत्रात नुसतं "ब्रेकर पडतो" लिहिलं तर समोरचा कॉम्प्रेसरपासून सुरुवात करतो. खटक्याचा पडलेल्या अवस्थेतला फोटो काढून ठेवा, नंतर वादच नको.

मग घराच्या वायरिंगचा संशय स्वतःच मिटवून टाका, नाहीतर पहिलं उत्तर तेच येणार. रविवारी मी फ्रिजमधलं सगळं सामान शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं आणि फ्रिजचा प्लग पूर्ण २४ तास काढून ठेवला. गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं नेहमीसारखं वापरलं, खटका एकदाही पडला नाही. उलटी टेस्ट मंगळवारी रात्री केली, फक्त फ्रिजचा एमसीबी चालू ठेवला आणि बाकी सगळे खाली. ही टेस्ट का लागते तर आमच्याकडे आरसीसीबी पूर्ण घराचा एकच आहे, प्रत्येक वस्तूचं थोडं थोडं लीकेज त्यात बेरीज होतं, त्यामुळे एकट्या फ्रिजवर पडला तरच फ्रिजचं नाव घेता येतं. एकट्या फ्रिजवरही पडला.

आता वेळा. आमचा फ्रिज फ्रॉस्ट फ्री डबल डोअर, जुन्या पद्धतीचा, आत मेकॅनिकल डीफ्रॉस्ट टायमर आहे. कॉम्प्रेसर ठराविक तास चालला की टायमर त्याला बंद करतो आणि फ्रीजरच्या मागच्या कॉइलखालचा हीटर चालू करतो, बर्फ वितळतो, कॉइल पुरेशी गरम झाली की बायमेटल नावाचा, तापमानावर चालणारा छोटा स्विच हीटरचा करंट तोडतो, आणि थोड्या वेळाने कॉम्प्रेसर परत सुरू. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हे काम आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतं, तिथे वेळा अशा नियमित येतीलच असं नाही. वहीत मी चारच गोष्टी लिहिल्या, कॉम्प्रेसर कधी थांबला, खटका कधी पडला, परत कधी उचलला आणि कॉम्प्रेसर कधी सुरू झाला. थर्मोस्टॅटने थांबला की डीफ्रॉस्टसाठी थांबला हे कसं कळतं तर आवाजावरून. एरवी शांतता असते, डीफ्रॉस्टमध्ये सात-आठ मिनिटांनी फ्रीजरच्या मागून चर्र चर्र ऐकू यायला लागतं, गरम तव्यावर ओला हात झटकल्यासारखं, ते हीटरवर पडणारे पाण्याचे थेंब. दाराला कान लावून ऐकलं की अगदी स्पष्ट येतं.

सोमवारी रात्री ९:५२ ला कॉम्प्रेसर थांबला, १०:०७ ला खटका पडला. मंगळवारी सकाळी १०:३४ ला थांबला, १०:४७ ला पडला, त्याच रात्री ११:०५ आणि ११:१९. बुधवारी ११:३० आणि ११:४५, मग रात्री १२:०२ आणि १२:१६. म्हणजे कॉम्प्रेसर थांबल्यापासून १३ ते १५ मिनिटं, एकदाही त्याच्या बाहेर नाही. आणि एका डीफ्रॉस्टनंतर कॉम्प्रेसर सुरू झाल्यापासून पुढच्या डीफ्रॉस्टपर्यंत दर वेळी सव्वाअकरा तासांच्या आसपास. मी एक तास बसून मोजलं तर कॉम्प्रेसर साधारण ४० मिनिटं चालतो, त्या हिशोबाने साडेसात तासांचं रनिंग होतं, हे टायमरच्या चालीशी जुळतं.

गुरुवारी मात्र आपल्या पुण्याची ठरलेली गोष्ट, मेंटेनन्ससाठी लाइट गेली, सकाळी १० ते अडीच. हिशोबाने डीफ्रॉस्ट दुपारी सव्वाबारा-साडेबाराला यायला हवा होता, तो आला ४:०५ ला आणि खटका ४:१९ ला. मला आधी वाटलं हिशोब बिघडला, पण तो उलट पक्का झाला, कारण लाइट नसताना मेकॅनिकल टायमर जागच्या जागी थांबतो आणि लाइट आल्यावर गरम झालेला फ्रिज न थांबता चालला त्यामुळे उरलेलं रनिंग लवकर भरलं. ज्यांच्याकडे गुरुवारी लाइट जाते त्यांनी त्या वेळा वहीत नक्की लिहा, नाहीतर पत्र वाचणाऱ्याला पॅटर्न तुटलेला दिसेल.

खटका उचलल्यावर काय होतं हेही तितकंच महत्त्वाचं आहे आणि हे कोणी लिहीत नाही. सोमवारी मी दोन मिनिटांत उचलला तर मिनिटभरात परत पडला. ११ वाजता उचलला तर टिकला आणि ११:१२ ला कॉम्प्रेसर सुरू. याचा अर्थ असा की टायमर अजून डीफ्रॉस्टवरच उभा होता, लगेच उचलला की करंट पुन्हा त्याच ओल्या हीटरमध्ये गेला. पाऊण-एक तास थांबल्यावर मात्र ती गळती उरली नाही, म्हणून खटका टिकला. त्यामुळे पुन्हा पुन्हा खटका उचलत बसू नका, पन्नास मिनिटं थांबून एकदाच उचला, आणि तेवढा वेळ दार उघडू नका.

त्या वेळी हीटरच चालू होता याचा पुरावा हवा असेल तर मीटर आहे. मंगळवारी रात्री बाकी सगळं बंद होतं तेव्हा मुलाला खाली मीटर रूममध्ये पाठवलं. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. ११:०८ ते ११:१३ त्याने ४१ वेळा मोजला, हिशोब केला तर साधारण १५४ वॅट. कॉम्प्रेसर गप्प, फॅन बंद, तरी १५० च्या वर वॅट जातायत, तर ते हीटरशिवाय कुठे जाणार. एवढा हीटर पाऊण अँपिअरच्याही आत चालतो म्हणून एमसीबीला काही कळत नाही, पण त्यातला विसावा हिस्सा जरी ओल्या जागेतून अर्थिंगमध्ये गळला तरी आरसीसीबी पडतो.

हे सगळं हातात आल्यावर पत्र लहानच झालं. मी असं लिहिलं:

"नमस्कार, माझा फ्रॉस्ट फ्री फ्रिज (मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो सोबत) प्रत्येक डीफ्रॉस्टमध्ये घरातला 30 mA आरसीसीबी पाडतो, एमसीबी पडत नाही. कॉम्प्रेसर थांबल्यापासून १३ ते १५ मिनिटांनी, पाणी पडायचा आवाज सुरू झाल्यानंतर, सलग सहा वेळा झालंय, वेळांचा कागद जोडला आहे. पडतो तेव्हा कॉम्प्रेसर बंद असतो. फ्रिज २४ तास काढून ठेवल्यावर खटका पडला नाही आणि फक्त फ्रिज चालू ठेवल्यावर पडला. लगेच उचलला तर पुन्हा पडतो, ५० मिनिटांनी उचलला तर टिकतो. मला संशय डीफ्रॉस्ट हीटर, बायमेटल आणि त्यांच्या कनेक्टरमध्ये पाणी जाण्याचा आहे. कृपया टेक्निशियनसोबत या मॉडेलचा हीटर, बायमेटल आणि ५०० व्होल्टचा मेगर पाठवा. टायमर हाताने फिरवून डीफ्रॉस्टवर घ्यावा आणि किमान २० मिनिटं थांबावं, नुसता प्लग लावून फॉल्ट दिसणार नाही. घरात इन्सुलिन असल्यामुळे दोन दिवसांत व्हिजिट मिळावी ही विनंती."

मेगर म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन लीकेज तपासणारं मीटर, त्याचा आग्रह का धरला ते सांगते. साध्या मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टची, त्यावर हीटर आणि बॉडीमध्ये काहीच दिसत नाही आणि हीटर पास होऊन जातो. लीकेज खऱ्या व्होल्टेजलाच आणि ओलं असतानाच बोलतं. बायमेटल बाहेर काढल्यावर त्याची प्लास्टिकची टोपी फुगलेली आहे का तेही बघायला सांगा, आत पाणी जाऊन गोठलं की ती फुगते आणि हे डोळ्यांना दिसतं.

एक गोष्ट कोणी कितीही सांगितली तरी करू नका. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन दादांनी सहज सुचवलं, "ताई, प्लगची अर्थिंगची वायर काढून टाका, पडायचं बंद होईल." बंद होईल हे खरं, पण मग जो करंट अर्थिंगमध्ये जात होता तो फ्रिजच्या बॉडीवर उभा राहणार आणि ओल्या हाताने हँडल धरणाऱ्याची वाट बघणार. आरसीसीबी काढून साधा खटका बसवणं हेही तेच. ज्या दिवशी दार धरताना किंचितही झिणझिण्या आल्या त्या दिवशी वेळा बिळा लिहीत बसू नका, फ्रिजचा खटका बंद करा, प्लग काढा आणि तो लावूच नका.

व्हिजिटची वेळ ठरली की शेवटच्या डीफ्रॉस्टनंतर कॉम्प्रेसर सुरू झाल्यापासून सव्वाअकरा तास मोजा आणि जमलं तर त्याच्या आधीचा स्लॉट मागा. आणि टेक्निशियन येणार म्हणून आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून, बर्फ वितळवून, पुसून लख्ख करू नका. मी शनिवारी नेमकं हेच केलं होतं, सकाळीच फ्रिज बंद करून आतून धुऊन कोरडा केला होता, आणि कोरड्या हीटरने त्यांच्यासमोर काही केलंच नाही. या वेळी मी फक्त वरची भांडी काढून फ्रीजरच्या मागचं पॅनल मोकळं ठेवलंय, इन्सुलिन काकूंच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात नेऊन ठेवलंय, आणि बर्फ आहे तसा राहू दिलाय.