पत्ते, समिती आणि लपलेला क्रम: संभाव्यतेतल्या या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या क्लासला येणारी बरीच मुलं एक युक्ती पाठ करून येतात: ‘निवड’ दिसली की C, ‘मांडणी’ दिसली की P. मला ही युक्ती अजिबात पटत नाही. गणित घालणारा हे शब्द वापरेलच असं नाही. ‘एकामागून एक दोन पत्ते काढले’ एवढं वाचलं की मुलं घाईघाईने P लावतात, आणि तोही फक्त छेदात.

समजा 52 पत्त्यांतून दोन पत्ते काढले, पहिला परत न ठेवता. एक राजा आणि एक राणी मिळण्याची संभाव्यता किती? वहीत हमखास दिसतं 16/2652. अंशात 4 × 4, छेदात 52 × 51. उत्तर बरोबर निम्मं येतं. छेदात ‘आधी इस्पिक राजा, मग बदाम राणी’ आणि त्याच्या उलट अशा दोन शक्यता मोजल्या, अंशात मात्र एकच. क्रम धरायचा तर दोन्हीकडे धरा: 32/2652. नाही धरायचा तर दोन्हीकडे सोडा: 16/1326. दोन्ही वाटांनी 8/663 च येतं. प्रश्नात ‘पहिला राजा आणि दुसरी राणी’ असं म्हटलं असेल, तरच 16/2652 बरोबर.

सूत्र लिहिण्याआधी मी एक शक्यता नावानिशी लिहून काढतो आणि त्यातल्या दोघांची अदलाबदल करतो. माझ्या मोजणीत ती नवी शक्यता ठरते का? अंशासाठी आणि छेदासाठी या प्रश्नाचं उत्तर एकच असायला हवं.

समितीच्या गणितात क्रम चोरपावलांनी शिरतो. सोसायटीत 6 पुरुष आणि 4 स्त्रिया इच्छुक आहेत, तिघांची समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची, किमान एक स्त्री असण्याची संभाव्यता काढा. एका हुशार मुलीने लिहिलं: आधी एक स्त्री 4 प्रकारे, मग उरलेल्या 9 जणांतून दोघं 36 प्रकारे, म्हणजे 144. एकूण समित्या 120. तिने शांतपणे 144/120 ला संक्षिप्त रूप देऊन 6/5 लिहिलं आणि पुढच्या गणिताला लागली. संभाव्यता 1 च्या वर गेली, हे तिला जाणवलंच नाही.

सुनंदा, मीना आणि रमेश ही समिती घ्या. सुनंदाला ‘आधीची स्त्री’ धरलं तर ती एकदा मोजली जाते, मीनाला धरलं तर पुन्हा. ‘आधी एक स्त्री’ म्हणताच क्रम आत आला. दोन स्त्रिया असलेल्या 36 समित्या दोनदा आणि तीन स्त्रियांच्या 4 समित्या तीनदा मोजल्या गेल्या, म्हणून 44 जास्त झाले. ‘किमान एक’ दिसलं की मी उलट्या बाजूने जातो: एकही स्त्री नसलेल्या समित्या 20, म्हणून उत्तर 100/120, म्हणजे 5/6.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं दिली असतील तर क्रम आलाच. आणि पत्ता परत ठेवून दुसरा काढायचा असेल तर छेदात 52 × 52 घ्या. तिथे C लावूच नका.