सबस्क्रिप्शन बंद केलं, आता वहीत काय लिहायचं?

‘रद्द करा’चं बटण दाबण्याआधी एक काम उरकून घ्या. त्या कंपनीच्या बिलिंगच्या पानावर जा आणि पहिल्या महिन्यापासूनची सगळी इन्व्हॉइसं पीडीएफमध्ये उतरवून घ्या. मी हे एकदा केलं नव्हतं. खातं बंद झालं, लॉगिन गेलं आणि मार्च संपल्यावर सीएने बिल मागितलं तेव्हा माझ्याकडे ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ एवढीच ईमेल होती. सपोर्टला पत्रं लिहून बिल मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. धन्यवादाची ईमेल म्हणजे पावती झाली, इन्व्हॉइस नव्हे. इन्व्हॉइसवर बिल क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, कराची वेगळी रक्कम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेवेचा कालावधी असतो. बहुतेक बिलांवर तो `Billing period` या नावाने असतो. पुढचा सगळा हिशोब त्या ओळीवर उभा राहतो, त्यामुळे ती नसेल तर प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन बिलाच्या शेजारीच ठेवा.

दुसरी तारीख पाहायची ती सेवा खरोखर कधी थांबते याची. बटण दाबल्याचा दिवस वेगळा आणि प्रवेश संपल्याचा दिवस वेगळा. १२ जूनला रद्द केलं, पण खात्यात `Active until 30 June` दिसतंय, तर खर्च ३० जूनपर्यंतचा. ही ओळही स्क्रीनशॉटमध्ये पकडून ठेवा, नंतर ती दिसत नाही.

तिसरं, आपली वही कोणत्या पद्धतीची आहे ते सीएला विचारून घ्या. आयकरात व्यावसायिकाला रोख पद्धत किंवा व्यापारी पद्धत, यांपैकी एक घेता येते, मात्र घेतलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवायची. रोख पद्धतीत पैसे गेले त्या वर्षी खर्च पडतो आणि परतावा आला त्या वर्षी तो उत्पन्नात धरला जातो. ‘वापरलं तेवढंच’ हा हिशोब व्यापारी पद्धतीचा. आणि तुम्ही कलम ४४एडीएखाली ढोबळ जमेच्या निम्मा नफा दाखवत असाल तर सबस्क्रिप्शनचा खर्च वेगळा मागताच येत नाही. तुमच्यासाठी खाली परताव्याबद्दल लिहिलंय, तेवढं मात्र वाचाच. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या वर्षांच्या कागदांवर जुनेच क्रमांक दिसतील.)

आता व्यापारी पद्धतीचे आकडे मांडून पाहू. एका ग्राफिक डिझायनरने १ ऑक्टोबर २०२४ ला डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक प्लॅन घेतला. किंमत २४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ४,३२०, एकूण २८,३२०. जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे कर धरून महिन्याला २,३६० रुपये पडले. पैसे गेले त्या दिवशी सगळी रक्कम खर्चात टाकायची नाही. ती ‘पूर्वदत्त खर्च’ या खात्यात ठेवायची. अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या पुस्तकात पाठ केलेला तोच शब्द, पहिल्यांदाच उपयोगी पडतोय. दर महिनाअखेर त्यातून २,३६० रुपये ‘सॉफ्टवेअर खर्च’ खात्यात न्यायचे. ३१ मार्च २०२५ ला सहा महिन्यांचे १४,१६० रुपये २०२४-२५ च्या खर्चात बसले आणि उरलेले १४,१६० ताळेबंदात मालमत्ता म्हणून पुढे गेले.

जूनमध्ये तिने प्लॅन रद्द केला, सेवा ३० जूनला थांबली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे ७,०८० रुपये २०२५-२६ च्या खर्चात गेले. पूर्वदत्त खात्यात राहिले ७,०८०. जुलैत कंपनीने तेवढेच परत पाठवले, ते याच खात्याच्या जमेला टाकले, खातं शून्य झालं. काम बरोबर झाल्याची हीच खूण. परतावा येऊनही खात्यात काही शिल्लक दिसत असेल, किंवा ते उलट्या बाजूला गेलं असेल, तर एखादा महिना दोनदा धरला गेलाय किंवा सुटलाय. सेवा महिन्याच्या मध्येच थांबली असेल तर दिवसांनी भागा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परताव्यात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ७,०८० जमा दिसतात आणि घाईत ते क्लायंटचं पेमेंट म्हणून उत्पन्नात जातात. ४४एडीएवाल्यांनी इथेच सावध राहावं. बँकेतल्या जमा रकमा बेरजून वर्षाची जमा काढायची सवय असेल, तर स्वतःचेच परत आलेले पैसे कमाई ठरतात आणि त्यांच्या निम्म्यावर कर लागतो. क्रेडिट कार्डावरचा परतावा तर बँकेत दिसतही नाही, तो कार्डाच्या पुढच्या बिलातून वजा होतो. म्हणून कार्डाचं स्टेटमेंटही उतरवून ठेवा. बिल डॉलरमध्ये असेल तर खर्चाची रुपयातली रक्कम त्याच स्टेटमेंटवरून घ्यायची. परतावा वेगळ्या दराने आल्यामुळे पडणारा फरक ‘विनिमय फरक’ म्हणून वेगळा लिहायचा, नाहीतर पूर्वदत्त खातं कधीच शून्यावर येणार नाही.

परतावा मिळतच नाही असे प्लॅनही भरपूर आहेत. त्यात दोन प्रकार पडतात. रद्द केल्यावरही सेवा मुदत संपेपर्यंत चालू राहते आणि तुम्ही ती कामासाठी वापरता, तेव्हा महिन्याची नोंद शेवटपर्यंत तशीच चालू ठेवा. पण सेवा लगेच तुटली आणि पैसेही बुडाले, तर उरलेली रक्कम मालमत्ता राहत नाही. ती त्याच तारखेला ‘न वापरलेलं सबस्क्रिप्शन’ अशा वेगळ्या खात्यात टाका आणि कारण एका ओळीत लिहा. तिची वजावट घ्यायची का, ते सीएला ठरवू द्या. वापरलेल्या महिन्यांच्या खर्चात ती मिसळली की बिलावरचा कालावधी आणि वही जुळत नाही, आणि विचारलं तर सांगायला काही नसतं.

जीएसटी नोंदणी असेल तर थोडं वेगळं. वरच्याच उदाहरणात खर्च महिन्याला २,००० धरायचा, कारण ४,३२० चं इनपुट क्रेडिट मिळतं, आणि ते महिन्यांत वाटून घ्यायचं नसतं. परतावा आला की कंपनीकडून क्रेडिट नोट मागा. तिच्यावरच्या १,०८० रुपये कराएवढं क्रेडिट परत करावं लागतं. परदेशी कंपनीला तुम्ही जीएसटी क्रमांक दिला असेल तर बिलात कर नसतो, तो रिव्हर्स चार्जखाली तुम्हालाच भरायचा असतो.

कागद ठेवायचे ते वर्षाच्या फोल्डरमध्ये, एका सबस्क्रिप्शनचं सगळं एकत्र: इन्व्हॉइस, रद्द झाल्याची ईमेल, परताव्याची ईमेल किंवा क्रेडिट नोट, आणि स्टेटमेंटचं ते पान. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात:

```
2024-10-01_design_28320_invoice.pdf
2025-06-12_design_cancel.pdf
2025-07-08_design_7080_refund.pdf
```

आयकराच्या जुन्या नियमांप्रमाणे वह्या आणि बिलं संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं जपायची. ऑक्टोबर २०२४ चं बिल कर निर्धारण वर्ष २०२५-२६ मध्ये येतं, म्हणजे ते मार्च २०३२ पर्यंत हाताशी हवं.

शेवटी पुढच्या महिन्याच्या कॅलेंडरमध्ये एक आठवण लावा आणि त्या दिवशी कार्डाचं स्टेटमेंट उघडून त्या कंपनीचं नाव शोधा. रद्द झालंय असं वाटत असताना पैसे कापले गेले असतील, तर ती रक्कम खर्चात न टाकता कंपनीच्या नावाने येणे म्हणून लिहा आणि त्याच दिवशी परतावा मागा.