विमानाच्या तिकिटाची तारीख बदलताय? नुसता चेंज चार्ज बघून हो म्हणू नका, या चुका टाळा

लग्नाची तारीख पुढे गेली, मुलाची परीक्षा सरकली, नाहीतर केळीची गाडी भरायला व्यापाऱ्याने चार दिवस पुढचे सांगितले, की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच येतो, "तारीख बदलाचे कितला लागतीन भाऊ?" आणि समोरचा एक आकडा सांगून मोकळा होतो, माणशी पावणेतीन हजार. तो आकडा खोटा नसतो पण तो अर्धाच असतो, आणि उरलेला अर्धा कळतो थेट पैसे भरायच्या स्क्रीनवर, तोपर्यंत घरच्यांना नवी तारीख सांगून झालेली असते.

विमानाची तारीख बदलताना दोन वेगळे पैसे लागतात. एक चेंज चार्ज, म्हणजे बदल करून द्यायची फी, ती प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक सेक्टरला, म्हणजे जाण्याला वेगळी आणि येण्याला वेगळी लागते. दुसरं भाड्यातला फरक, म्हणजे नव्या तारखेचं आजचं भाडं वजा तुमच्या तिकिटाचं जुनं भाडं. "फ्री डेट चेंज" वाल्या तिकिटात पहिली फी माफ असते, दुसरा फरक द्यावाच लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

चोपड्याच्या एका घराचं उदाहरण घेऊ, आकडे समजायला सोपे धरलेत, तुमच्या तिकिटाचे वेगळे असतील. आई, पप्पा आणि आत्या असे तिघं मुंबईहून बंगळुरूला लेकाकडे निघालेत, तिकीट पोर्टलवरून काढलंय, माणशी 4,800 रुपये. जायचं होतं 12 तारखेला पण केळीची कापणी लांबली म्हणून आता 16 ला जायचंय. एअरलाइनचा चेंज चार्ज माणशी 2,750, कॅन्सलेशन चार्ज माणशी 3,250.

चूक पहिली: एका माणसाचं भाडं बघून तिनाने गुणायचं

पप्पांनी मोबाईलवर 16 तारखेचं भाडं बघितलं, एक प्रवासी टाकून, दिसलं 6,100. म्हणजे फरक माणशी 1,300, तिघांचा 3,900, असा हिशोब झाला. पण तीन प्रवासी टाकून शोधलं तर तेच विमान माणशी 6,500 दाखवतंय. साइट बिघडलेली नाही. विमानातल्या सीटा वेगवेगळ्या दराच्या गटात विकल्या जातात, 6,100 च्या गटात दोनच सीटा उरल्या असतील आणि तुम्ही तीन मागितल्या तर सिस्टीम साधारणपणे तिघांनाही वरच्या गटाचा दर लावते. म्हणून भाडं बघताना जितकी माणसं आहेत तितकीच टाकून बघायचं. मोठ्या कुटुंबाच्या तिकिटात हा फरक फार अंगावर येतो.

आता खरा हिशोब. भाड्यातला फरक माणशी 1,700, तिघांचे 5,100. चेंज चार्ज तिघांचा 8,250. एकूण 13,350 रुपये वरून भरायचे. मूळ तिकिटं 14,400 ची होती, म्हणजे जवळपास दुसऱ्यांदा तिकीट काढल्यासारखंच झालं. फोनवर ऐकलेले पावणेतीन हजार कुठे आणि हे कुठे.

चूक दुसरी: रद्द करून नवं काढलं तर किती पडेल हे बघायचंच नाही

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण म्हणतात रद्द केलं की पैसे बुडाले, आणि काही जण म्हणतात रद्दच करा, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त दिसतंय. दोन्ही बाजू हिशोब न करता बोलतात. हिशोब तसा सोपाय, रद्द करायच्या रस्त्याने तुम्हाला वरून पडणारा खर्च म्हणजे नव्या तिकिटाची किंमत वजा हातात येणारा रिफंड. बस एवढंच. जुने 4,800 तर आधीच गेलेत, ते दोन्हीकडे सारखेच, त्यांना पुन्हा मोजू नका.

आपल्या उदाहरणात रिफंड माणशी 4,800 वजा 3,250, म्हणजे 1,550. 16 तारखेला दुसऱ्या एअरलाइनचं तिकीट तिघांसाठी शोधल्यावर माणशी 5,700 दिसतंय. म्हणजे वरून 4,150 माणशी, तिघांचे 12,450. चेंजपेक्षा 900 रुपये स्वस्त! पण थांबा, तिकीट पोर्टलवरून काढलंय आणि पोर्टल रद्द करायचे स्वतःचे माणशी 300 वेगळे कापतं, तिघांचे 900, झाले परत 13,350. तारीख मात्र एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून थेट बदलता येत असेल तर पोर्टलची फी लागत नाही, म्हणून चेंजच्या बाजूला ते 300 धरले नाहीत. काही एजंटच्या तिकिटांना एअरलाइन हात लावू देत नाही, एजंटकडेच पाठवते, मग त्याची फी चेंजमध्येही धरायची.

दोन्ही रस्ते बरोबरीत आले तर मी तारीख बदलायलाच सांगेन, कारण रद्द करायच्या रस्त्यात नव्या तिकिटाचे 17,100 आज पूर्ण भरायचे आणि रिफंड मागाहून येणार, ज्याच्याकडे हंगामाचे पैसे अजून हातात आलेले नाहीत त्याला हे जड जातं.

आता एक गोष्ट नीट बघा, ही कळली की दरवेळी कागद-पेन घेऊन बसावं लागत नाही. त्याच विमानात जायचं असेल आणि नवं भाडं जुन्यापेक्षा जास्त असेल तर ते वाढीव भाडं दोन्ही रस्त्यांनी सारखंच भरावं लागतं, मग उरतो फक्त कॅन्सलेशन चार्ज आणि चेंज चार्ज यांच्यातला फरक. इथे तो 500, पोर्टलचे 300 धरून 800. म्हणजे दुसऱ्या एअरलाइनचं तिकीट माणशी 800 पेक्षा जास्त स्वस्त असेल तरच रद्द करण्यात फायदा. 6,500 आणि 5,700 मध्ये बरोबर 800 चाच फरक होता, म्हणून हिशोब बरोबरीत आला.

चूक तिसरी: नवं भाडं कमी दिसलं की फायदा झाला असं समजायचं

समजा नव्या तारखेला त्याच विमानाचं भाडं 3,800 आहे, जुन्यापेक्षा हजाराने कमी. वाटतं की हजार परत मिळतील, निदान चेंज चार्जमधून वजा होतील. बऱ्याच तिकिटांवर असं होत नाही, फरक वरचा असला तर घेतात, खालचा असला तर परत देत नाहीत. तेव्हा चेंज केला तर 2,750 पूर्ण भरायचे. रद्द करून तेच 3,800 चं नवं काढलं तर 3,800 वजा 1,550 अधिक पोर्टलचे 300, म्हणजे 2,550. इथे रद्द करणं माणशी 200 ने स्वस्त. आपल्या आकड्यांत नवं भाडं 4,000 च्या खाली गेलं की रद्द करणं परवडतं, त्याच्या वर चेंज परवडतो. तुमची एअरलाइन खालचा फरक परत देते का हे फेअर रूल्समध्ये, म्हणजे तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

एकदम स्वस्त तिकिटांची गंमत आणखी वेगळी. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमाप्रमाणे कॅन्सलेशन चार्ज हा बेस फेअर, म्हणजे टॅक्स सोडून मूळ भाडं, अधिक फ्युएल सरचार्ज यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सरकारी टॅक्स आणि विमानतळाच्या फी तर नॉन-रिफंडेबल तिकिटावरही परत मिळतात. म्हणजे जळगावहून पुण्याचं दोन-अडीच हजाराचं तिकीट असेल तर एअरलाइनच्या चार्जच्या चार्टमध्ये कॅन्सलेशन 3,250 लिहिलेलं असलं तरी तेवढं कापता येत नाही. अशा तिकिटावर तारीख बदलण्यापेक्षा रद्द करून नवं काढणं बरेचदा सरळ पडतं, म्हणून तिकिटाच्या पावतीवर बेस फेअर किती आणि टॅक्स किती हे वेगळं वाचा.

चूक चौथी: भरलेल्या पैशावरून फरक काढायचा

तुम्ही कूपन लावून 400 सूट घेतली, वर कन्व्हिनियन्स फी भरली, आणि कार्डातून गेलेला आकडा जुना म्हणून धरला, की उत्तर चुकणारच. एअरलाइन फरक काढते तो तिकिटावर छापलेल्या भाड्यावरून. कन्व्हिनियन्स फी परत येत नाही, आणि तिकीट रद्द केलं की बऱ्याच पोर्टलवर कुपनची सूटही कापून घेतात. आधी निवडलेली सीट, जेवण, जास्तीचं सामान याचे पैसे नव्या विमानात जातात की पुन्हा भरायचे, हेही कन्फर्म करायच्या आधी बघा. चार्टमधले चार्ज जीएसटी धरून आहेत की वेगळे, तेही शेवटच्या स्क्रीनवरच खरं कळतं. तिथपर्यंत जा, एकूण रक्कम वाचा, स्क्रीनशॉट घ्या आणि पैसे न भरता मागे या, त्याने काही बिघडत नाही.

चूक पाचवी: 16 म्हणजे 16 च

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि लोक इथेच बघत नाहीत. कापणी 15 ला संपणार असेल तर 17 ला निघालं तर काय बिघडतं? आपल्या उदाहरणात 17 ला त्याच एअरलाइनचं भाडं तिघांसाठी माणशी 5,000 आहे. फरक 200 माणशी, तिघांचे 600, चेंज चार्ज तोच 8,250, एकूण 8,850. एका दिवसाने 4,500 रुपये वाचले. चेंज की कॅन्सल या वादात जे वाचत नव्हतं ते तारीख हलवल्याने वाचलं. म्हणून मागचा-पुढचा आठवडा सगळा बघा, सकाळची, रात्रीची विमानं पण बघा.

फक्त जळगाव ते मुंबई रेल्वेची तिकिटं विसरू नका. विमान 17 ला नेलं आणि रेल्वेत वेटिंग आलं तर वाचलेले पैसे गाडी करून मुंबई गाठण्यात जातील. रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, सणासुदीला तर लगेच भरतं, तेव्हा आधी रेल्वेत जागा बघा मग विमानाची तारीख पक्की करा.

आणि हे सगळं करायच्या आधी मेल आणि एसएमएस उघडून बघा, एअरलाइननेच तुमचं विमान रद्द केलंय का. तसं असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड मागायचा हक्क तुमचा आहे, तिथे चेंज चार्ज भरायचा प्रश्नच येत नाही. तसं काही नसेल तर उशीर करू नका, कारण काही एअरलाइनचे चार्ज शेवटच्या दिवसांत वाढतात, आणि विमान सुटून गेल्यावर फोन केला तर नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही असं धरतात, मग हातात बहुतेक टॅक्सच येतो. त्याच पीएनआरवर परतीचं तिकीट असेल तर जायचं चुकवल्यावर परतीचंही रद्द होऊ शकतं, म्हणून जायचं जमत नसेल तरी एअरलाइनने दिलेल्या मुदतीत, विमान सुटायच्या काही तास आधीच बदल नाहीतर कॅन्सल, काहीतरी एक नक्की करून टाका.